दोन महिन्यांचे थकलेले भाडे आणि ‘एक कडक पत्र’

‘भाडेकरूने दोन महिने भाडे थकवलंय? करारात विलंब शुल्काचं कलम असलं की एक कडक पत्र पुरे. पहिल्या तारखेपासून दंड मोजा, मधे पैसे आले तर आधी दंडात वळवा, बाकी डिपॉझिटमधून कापा, आणि सात दिवसांत हिशेब मिटला नाही तर सरळ कुलूप बदला. करार तुमच्या बाजूने आहे.’

हा मजकूर गेले काही महिने ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरतो आहे. भाडेकरार आणि त्यावरून होणारी पत्रं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. हा सल्ला ऐकून लिहिलेली पत्रं मी दुरुस्त करतो तेव्हा वाईट वाटतं, कारण घरमालकाचे पैसे खरोखर थकलेले असतात आणि पत्रामुळेच त्याची बाजू लंगडी होते.

हिशेब कुठे चुकतो ते एका उदाहरणावर पाहू. भाडं महिना १८,००० रुपये. करारातलं कलम असं: ‘भाडे दरमहा ५ तारखेपर्यंत द्यावे. तसे न दिल्यास ६ तारखेपासून भाडे मिळेपर्यंत, थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर दररोज १०० रुपये विलंब शुल्क लागेल.’ जून आणि जुलैचं भाडं आलेलं नाही आणि पत्र २० जुलैला लिहायचं आहे. पहिल्या तारखेपासून मोजलं तर जूनचे ५० आणि जुलैचे २० दिवस भरतात, म्हणजे ७,००० रुपये. पण कलमानेच पाच दिवसांची सवलत दिलेली आहे. ती सोडून मोजलं की जूनसाठी ६ जून ते २० जुलै असे ४५ दिवस, जुलैसाठी ६ ते २० असे १५ दिवस, एकूण शुल्क ६,००० आणि भाड्यासह ४२,००० रुपये. फरक हजाराचाच आहे. पण भाडेकरूच्या वकिलाला पत्रातली एकच रक्कम खोटी सापडली की तो बाकीच्या सगळ्या रकमांवर बोट ठेवतो.

आता ‘थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर’ हे शब्द कलमात नसते असं धरा. मग दोन महिने थकले तरी मीटर एकच, रोजचे १०० रुपये आणि ४५ दिवसांचे ४,५०० रुपये, असं भाडेकरू म्हणू शकतो. ज्याने मसुदा केला, संदिग्ध शब्दांचा तोटा साधारणपणे त्यालाच सोसावा लागतो. म्हणून पत्रात कलमाचा नुसता क्रमांक टाकू नये, कलमाचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत.

‘करार तुमच्या बाजूने आहे’ हे तर अर्धसत्य आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल करारात रक्कम ठरवलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे १०० रुपये हा वरचा आकडा आहे, हमीचा नाही. १८,००० रुपयांवर रोज १०० म्हणजे महिन्याला ३,०००, वर्षाला भाड्याच्या दुपटीहून जास्त. भाडं उशिरा आल्यामुळे तुमचं असं किती नुकसान झालं, हा प्रश्न न्यायालयात येणारच. थकबाकीवर महिन्याला दीड टक्का लिहिलेला असता तर १८,००० वर २७० रुपये झाले असते आणि त्यावर कुणी फारसा वाद घातला नसता. करार करताना मी घरमालकांना हे सांगतो, पण मोठा आकडा म्हणजे मोठा धाक या समजापुढे माझं चालत नाही.

शिवाय मागचे आठ महिने भाडं १०-१२ तारखेला येत होतं आणि तुम्ही शुल्क न मागता ते घेत होतात, असं असेल तर भाडेकरू म्हणेल की ही अट दोघांनीही सोडून दिली होती. अशा वेळी जुन्या उशिराचा हिशेब पत्रात ओढू नका. या दोन महिन्यांचाच मागा आणि यापुढे ५ तारीख पाळली जाईल हे स्वच्छ लिहा.

सगळ्यात घातक सल्ला मात्र पैसे दंडात वळवण्याचा आहे. पत्र मिळाल्यावर भाडेकरूने २५ जुलैला १८,००० रुपये पाठवले आणि सोबत संदेश टाकला, ‘जूनचं भाडं पाठवलं आहे.’ त्या दिवशी शुल्क ७,००० झालेलं आहे. ते आधी कापलं तर जूनच्या भाड्याला ११,००० उरतात, जून ७,००० नी अपुराच राहतो आणि त्याचं मीटर चालूच राहतं. हे चालत नाही. देणेकऱ्याने कोणत्या देण्यापोटी पैसे दिले ते सांगितलं असेल आणि तुम्ही ते स्वीकारले असतील, तर ते त्याच देण्यात धरावे लागतात. हे त्याच कायद्याचं कलम ५९. तो काहीच बोलला नसेल तरच कलम ६० प्रमाणे निवड तुमच्याकडे येते. म्हणजे इथे जून फिटला, त्याचं शुल्क तिथे थांबलं, आणि जुलैचं भाडं व तोवरचं शुल्क येणं राहिलं. पैसे आले त्याच दिवशी ही नोंद भाडेकरूला लेखी कळवा.

डिपॉझिटला करारात काय म्हटलंय ते आधी वाचा. बहुतेक करारांत ते जागा सोडताना, नुकसान आणि थकबाकी वजा करून परत द्यायचं असतं. मुदत चालू असताना कापून घ्यायची मुभा लिहिलेली नसेल तर कापू नका. मुभा असेल आणि तुम्ही कापलंत, तर तेवढी थकबाकी तिथेच फिटते. मग त्याच ३६,००० साठी पत्र पाठवणं म्हणजे एकच रक्कम दोनदा मागणं झालं. अशी पत्रं मी पाहिली आहेत.

आणि कुलूप बदलू नका. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली भाडेकरू सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात जागेची मालकी कुणाची हा मुद्दा तुमच्या मदतीला येत नाही. वीज-पाणी तोडणंही असंच अंगलट येतं. पत्रातली सात दिवसांची मुदत पैसे भरण्यासाठी असते, ताबा घेण्यासाठी नाही.

मग पत्र कसं असावं? एका पानाचं. मी असं लिहितो: ‘करारातील कलम ८ असे आहे: “भाडे दरमहा ५ तारखेपर्यंत द्यावे. तसे न दिल्यास ६ तारखेपासून भाडे मिळेपर्यंत, थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर दररोज १०० रुपये विलंब शुल्क लागेल.” जून व जुलै महिन्यांचे भाडे प्रत्येकी १८,००० रुपये आजअखेर मिळालेले नाही. ६ जून ते २० जुलै, ४५ दिवस, ४,५०० रुपये. ६ जुलै ते २० जुलै, १५ दिवस, १,५०० रुपये. एकूण येणे ४२,००० रुपये. ही रक्कम ४ ऑगस्टपर्यंत भरावी. २० जुलैनंतरचे शुल्क करारातील दराने वेगळे लागेल. हिशेबात चूक वाटल्यास त्याच मुदतीत लेखी कळवावे.’ खाली सही आणि तारीख, सोबत कराराच्या त्या पानाची प्रत. पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवतो आणि त्याचाच फोटो भाडेकरूच्या नेहमीच्या नंबरवर टाकतो. ‘चूक वाटल्यास कळवावे’ हे वाक्य घरमालकांना खटकतं, दुबळं वाटतं. पण भाडेकरू गप्प राहिला तर पुढे आकड्यांवर वाद घालणं त्याला अवघड जातं, आणि त्याने उत्तर दिलं तर भाडं थकल्याचं निदान त्याच्या अक्षरात हाती येतं.