कॉर्नरचे दहा टक्के आणि काका

"अभिनंदन सर! तुमच्या स्टॉलला तीनशे बारा लीड्स मिळाल्यात."

प्रदर्शनवाल्यांच्या ऑफिसातला मुलगा परवा फोनवर असं म्हणाला आणि दम न घेता पुढच्या वर्षीचा स्टॉल आत्ताच धरला तर किती सूट मिळेल ते सांगू लागला. मी तेव्हा सोलापुरात गोडाऊनमध्ये, मुंबईहून परत आलेल्या शेंगा चटणीच्या खोक्यांवर बसलो होतो. ३१२ संभाव्य गिऱ्हाईक! त्यातले चार तर एकटे काकाच आहेत, हे त्याला कसं सांगणार?

काकांकडे यायचंच आहे, पण आधी हिशोब, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही. तीन दिवसांचं खाद्यपदार्थांचं प्रदर्शन. सगळ्यात छोटा स्टॉल तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटर, दर चौरस मीटरला ११,०००. त्यात कॉर्नरचा हवा, म्हणजे दोन बाजू उघड्या, म्हणून दहा टक्के जास्त. झाले १,०८,९००. वर १८ टक्के जीएसटी, १९,६०२. तो नंतर क्रेडिटमध्ये, म्हणजे आम्ही भरायच्या जीएसटीतून, वळता होतो म्हणून खर्चात धरत नाहीत, पण खिशातून आधी जातोच, आणि तेव्हा तो "वळता होणार" असं खिशाला वाटत नाही. भिंतींवरचं छापील डिझाइन, स्टँडी आणि माहितीपत्रकं २०,०००. टेम्पो, गाडीभाडं, लॉज, जेवणखाण मिळून ५७,६००. नमुने २०,०००. खुर्च्या, जादा प्लग, हमाली वगैरे ९,०००. एकूण २,१५,५००.

नीट बघा, यात निम्मं तर नुसतं जागेचं भाडं आहे. लोक सांगतात, "स्टॉल लाखभरात होतो." होतो की! स्टॉल लाखभरात होतो, प्रदर्शन होत नाही. भाड्याइतकाच खर्च भाड्याबाहेर करायचा असतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी सांगत नाही. शिवाय त्या भाड्यात काय मिळतं तर दोन पांढऱ्या भिंती, खाली पातळ गालिचा, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, एक प्लग, एक कचऱ्याचा डबा आणि वर इंग्रजीत नावाची पट्टी. आमच्या पट्टीवर नावातलं एक अक्षर कमी होतं. दुरुस्त करून द्यायला उद्घाटनापर्यंत माणूस आला नाही. आणि जादा खुर्ची? फॉर्म आधी भरला तर एक दर, ऐनवेळी मागितली तर दीडपट. फॉर्मची मुदत संपल्याचं कळवणारा मेल मुदत संपल्यावर आला.

असो. काका.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. साठी-पासष्टीचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बिल्ला, त्यावर BUYER. खांद्याला एका पंपवाल्या कंपनीची पिशवी, तिच्या आत दुसरी, आणि दुसरीतून तिसरीची दांडी बाहेर डोकावत होती. तेव्हाच शहाण्या माणसाने ओळखायला हवं होतं म्हणाल, पण त्यांनी पहिला प्रश्न असा विचारला, "एमओक्यू किती तुमचा?"

कमीत कमी किती माल घ्यावा लागेल, असं सकाळपासून कुणीही विचारलं नव्हतं. "हे तिखट आहे का हो?" एवढंच सगळे विचारत होते. मी खुर्ची पुढे केली.

"शेल्फ लाइफ?"

"चार महिने."

"नायट्रोजन फ्लशिंग करता का?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेंगदाण्याच्या तेलाला हवेने खवट वास येतो, म्हणून पाकिटात नायट्रोजन भरावा लागतो, हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या चटणीवाल्यांनाही माहीत नाही. भाच्याला म्हटलं, "बंड्या, काकांना कडक भाकरीबरोबर चटणी दे. वर तेल सोड."

काकांनी चव घेतली. डोळे मिटले. दुसरा तुकडा घेतला. "प्रायव्हेट लेबल करून द्याल, आमच्या नावाच्या पाकिटात?" तिसरा. "दुबईला साडू असतो." चौथा. "लसणाचं प्रमाण थोडं कमी असलेलं काही?" पाचवा त्या दुसऱ्या प्रकाराचा. मी बोलत राहिलो. क्रेट कसे लागतात, एका खोक्यात पाकिटं किती, पैसे किती दिवसांत. काका मान डोलवत होते, आणि बंड्या वीस ग्रॅमच्या नमुन्याच्या पुड्या त्यांच्या हातात देत होता. एक पुडी आम्हाला पॅकिंगसकट नऊ रुपयांना पडते.

नंतर मी विचारलं, "कार्ड मिळेल का आपलं?"

"कार्ड आज संपली हो," काका म्हणाले. "बिल्ला स्कॅन करा ना!"

बंड्याने केला. प्रदर्शनवाल्यांच्या ॲपमध्ये प्रत्येक स्कॅन म्हणजे एक लीड, माणूस तोच असला तरी. ही गंमत मला नंतर कळली.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. "काल साडूशी बोललो," म्हणाले आणि बसले. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी माझी शाळाच घेतली. "कॉर्नर कशाला घेतलात? दहा टक्के जास्त दिले असतील. बरं, घेतलात तर टेबल असं आडवं का लावलंत? एक बाजू तुम्हीच बंद केलीत." बघितलं तर खरंच बंद होती. "आणि नमुन्याच्या पुड्या पुढे मांडू नका. पुढे फक्त चव द्या, पुडी मागे ठेवा. माणूस दोन वाक्यं धंद्याचं बोलला तरच पुडी." एवढं बोलून त्यांनी पुढच्या सहा पुड्या पंपवाल्या पिशवीत टाकल्या.

"काका, तुमचा व्यवसाय नेमका काय?"

"रिटायर झालो. इथून रिक्षाने दहा मिनिटांवर राहतो." मग अगदी घरगुती सुरात पुढे सांगू लागले, "प्लॅस्टिकच्या प्रदर्शनाला डबे चांगले मिळतात. सोलारवाले टोप्या देतात. छपाईवाले वह्या. टाइल्सवाले काही देत नाहीत, पण त्यांचा चहा चांगला. खाण्याच्या प्रदर्शनाला मात्र मी घरून जेवून येत नाही."

"मग बिल्ल्यावर खरेदीदार?"

"ऑनलाइन नोंदणीत विचारतात ना, आपण कोण? त्यात आस्वादक असा पर्यायच नाही."

खरं सांगतो, मला हसू आलं. त्यांच्यावर रागवायला मन होईना. पण त्याच वेळी एक बाई स्टॉलपाशी थांबल्या होत्या. हातात वही, मागे एक मुलगा, बिल्ल्यावर एका दुकानसाखळीच्या खरेदी विभागाचं नाव. त्यांनी पाकीट उलटून लेबल वाचलं. चव न घेता आधी लेबल वाचतो तो खरा गिऱ्हाईक, हे या धंद्यातलं पक्कं लक्षण. दोन खुर्च्यांपैकी एकीवर काका, दुसरीवर बंड्याचं सामान. बाईंनी मिनिटभर वाट बघितली, माहितीपत्रक घेतलं आणि समोरच्या पापडवाल्याकडे जाऊन बसल्या. त्याच्याकडे तीन खुर्च्या होत्या. दीडपट दराची असेना!

हे मला अजून खुपतं. काकांचं नाही, खुर्चीचं. आणि खुर्चीपेक्षाही त्या बिल्ल्याचं. प्रदर्शनवाल्यांना बिल्ले वाटताना हे तपासता येत नाही का, की हा माणूस खरोखर दुकानदार आहे? जीएसटी नंबर मागायचा, बस. पण मग गर्दीचा आकडा कमी होतो, आणि पुढच्या वर्षी मला फोन करायला आकडा लागतो. मी भाडं भरतो ते खरेदीदार आणण्यासाठी, आणि प्रदर्शनवाले माझ्याच पुड्यांवर गर्दी जमवतात.

आता त्या ३१२ कडे वळू. जाण्याआधी मी अंदाज बांधला होता तो असा. दिवसाला कामाचे सात तास, तीन दिवसांचे एकवीस. नीट बोलणं व्हायला दहा मिनिटं लागतात. दोघे जण उभे, पण अर्धा वेळ चव देण्यात, उष्टे चमचे गोळा करण्यात आणि "नाही हो, किरकोळ विक्री नाही" म्हणण्यात जातो. सगळं वजा जाता ऐंशी कामाची माणसं भेटतील असं धरलं. दोन लाख पंधरा हजार पाचशे भागिले ऐंशी, म्हणजे एका ओळखीला साधारण २,७०० रुपये. त्या ऐंशीतले आठ जण वितरक झाले, प्रत्येकाने महिन्याला पंचवीस हजारांचा माल उचलला, आणि त्यात आम्हाला बावीस टक्के सुटले, तर महिन्याला ४४,०००. पाच महिन्यांत प्रदर्शन फिटलं. कागदावर इतकं छान दिसत होतं की मी तो कागद घरी दाखवला.

प्रत्यक्षात खर्च आठ हजारांनी वाढून २,२३,५०० झाला. परत आल्यावर बंड्या आणि मी रात्री बसून एकेक स्कॅन तपासला. ज्याने माल, दर किंवा पैसे यांबद्दल एक तरी प्रश्न विचारला आणि ज्याच्याकडे दुकान, गोडाऊन किंवा हॉटेल आहे, तोच खरा धरला. उरले ४६. म्हणजे एक ओळख ४,८५९ रुपयांना! प्रदर्शनवाल्यांच्या हिशोबाने तीच ७१६ ला पडते. त्या ४६ पैकी चार जरी टिकले तरी फिटायला दहा महिने, आणि तोवर पुढचं प्रदर्शन दारात उभं.

आता पुढच्या वर्षीचा तक्ता केलाय. कॉर्नर नाही, आतला स्टॉल. त्यातून वाचलेल्या पैशात दोन जादा खुर्च्या, फॉर्म वेळेत भरून. पुड्या मागे, पुढे नुसती चव. आणि चहा-पाण्याच्या खाली एक नवी ओळ घातलीय, "काका : ४,०००."

हा तक्ता काल सीएसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "हे काका कोण?"

सांगितलं.

"म्हणजे फुकट वाटलेला माल," ते म्हणाले. "मग शेंगदाण्यावर आणि पॅकिंगवर घेतलेलं जीएसटी क्रेडिट त्या प्रमाणात उलटवायला लागेल. मोफत नमुन्यांवर क्रेडिट मिळत नाही."

"अहो, पण पुड्या वेगळ्या. त्यांनी भाकरीबरोबर तिथेच बसून खाल्लेली चटणी?"

"पैसे घेतले होते का?"

"नाही."

"मग तीही उलटवा. किती खाल्ली, काही नोंद आहे?"