परदेशात व्हॉलंटियरिंग: फी भरण्याआधी हे बघा

“परदेशातल्या व्हॉलंटियर प्रोग्रामची फी थेट तिथल्या मुलांसाठीच जाते, अनुभव नसला तरी चालतं, साइटवरचे रिव्ह्यू वाचा, सगळ्यांचं आयुष्य बदललंय. बिनधास्त जा.” असं कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका, एकेक मुद्दा तपासून बघा.

आधी फीचं. फी घेण्यात गैर काही नाही, राहण्या-जेवणाचा खर्च असतोच. पण साइटवर ‘फीमध्ये काय मिळतं’ ते पान उघडून बघा, रूम, जेवण, एअरपोर्ट पिकअप, सपोर्ट हे सगळं लिहिलेलं असतं आणि तिथल्या संस्थेला किती जातात तो आकडाच बऱ्याचदा नसतो. समजा दोन आठवड्यांचे 1,200 डॉलर मागतायत, तर सरळ मेल टाका: यातले यजमान घराला किती, प्रोजेक्टला किती, तुमच्या ऑफिसला किती? ज्यांचा हिशोब सरळ आहे ते आकडे देतात. ‘तुमच्या सहभागामुळे प्रोजेक्ट चालतो’ एवढंच उत्तर आलं तर पैसे भरू नका.

अनुभव नसला तरी चालतं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं, त्यातही अनाथाश्रमाच्या प्रोग्रामबाबत. कंबोडियात 2005 ते 2010 मध्ये अशा संस्था 154 वरून 269 झाल्या, म्हणजे पाच वर्षांत जवळपास 75 टक्के वाढ, आणि युनिसेफच्या पाहणीनुसार तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून गरीब घरांतून ‘शिक्षण देऊ’ सांगून मुलं आणली जातात, म्हणजे आपण भरलेल्या पैशांमुळेच मुलं घरापासून तुटतात. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा या प्रकाराचीही दखल घेतली गेली. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवा दादा, नवी ताई, लळा लागला की ते निघून जाणार, हे त्या मुलांनी किती वेळा सोसायचं? म्हणून अर्जाचा फॉर्म नीट बघा, पोलीस व्हेरिफिकेशन आणि मुलाखतीच्या आधीच कार्ड नंबर मागत असतील तर त्यांना कोणीही चालतं. इंटर्नशिपलाही तेच, कंपनीतल्या कोणी बोलायच्या आधीच ‘प्लेसमेंट गॅरंटीड’ म्हणत असतील तर तिथे तुमच्यासाठी काम असेलच असं नाही.

रिव्ह्यूचं म्हणाल तर ते पैसे भरलेल्या लोकांचे असतात, आणि त्यात बरंचसं रूममेट, वीकेंड ट्रिप, नवी मैत्री हेच. तुम्ही गेल्यावर तिथलं कुठलं काम पुढे गेलं ते क्वचितच सापडतं. साइटने निवडलेले सोडा, वर्षभरापूर्वी परतलेल्या दोघांशी आणि तिथल्या स्थानिक समन्वयकाशी बोलू द्या म्हणून मागणी करा, टाळाटाळ झाली तर समजून जा.

आणि व्हिसाचं आवर्जून विचारा. नेपाळमध्ये टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटियरिंग करायला परवानगी नाही, तरी ‘टुरिस्ट व्हिसा घ्या, इमिग्रेशनला कामाबद्दल काही बोलू नका’ असं कोणी सुचवलं तर तिथेच बोलणं थांबवा, पकडलं गेलं तर निस्तरायचं तुम्हालाच आहे.