हजारात एक पॅकेट पुरतं

«एसफ्लोने ट्रॅफिक मोजणं म्हणजे सगळं अंदाजपंचे. हजारातलं एक पॅकेट बघायचं, ९९९ सोडून द्यायची, मग खरा बँडविड्थ खाणारा सापडणार कसा? पोर्ट मिरर करून सगळ्या पॅकेटची नक्कल घ्या, तेच खरं.»

नेम हजारात किती यावर ठरत नाही, हातात नमुने किती आले यावर ठरतो. मुंबईतल्या एखाद्या कॉलेजची १ जीबीपीएसची लाइन घ्या. रात्री हॉस्टेल ऑनलाइन आलं की डाउनलोड ६०० एमबीपीएसला जातं. दहा मिनिटांत झाले ४५ जीबी. सरासरी पॅकेट १,००० बाइटचं धरलं तर साडेचार कोटी पॅकेट, आणि हजारात एक घेतलं तरी ४५,००० नमुने. त्यातली २० टक्के पॅकेट एकाच मशीनची असतील तर तिचे साधारण ९,००० नमुने मिळतात. ९५ टक्के खात्रीने चूक किती टक्के, याचं सूत्र १९६ भागिले त्या मशीनच्या नमुन्यांचं वर्गमूळ. म्हणजे इथे फक्त २ टक्के. १ टक्का वापरणाऱ्याचे ४५० नमुने येतात आणि चूक ९ टक्क्यांवर जाते, पण त्याला शोधायला आपण निघालोच नव्हतो. शितावरून भाताची परीक्षा होते, फक्त शितं भांड्यात सगळीकडून उचललेली हवीत. एसफ्लो पॅकेट यादृच्छिकपणे निवडतो ते याचसाठी.

```
nfdump -R /data/flows -s dstip/bytes -n 10 'dst net 10.0.0.0/8'
```

हॉस्टेलचे पत्ते १० ने सुरू होत असतील तर डाउनलोड खेचणारे पहिले दहा इथे दिसतात. नॅटच्या आतल्या बाजूने मोजा. बाहेरून मोजलं तर सगळं कॉलेज एकाच पत्त्यावर दिसेल.

मिररमध्ये सगळं येतं, हाही गैरसमजच. अपलिंकवर ६०० एमबीपीएस येतंय आणि ५०० जातंय, तर १ जीबीपीएसच्या मिरर पोर्टवर १,१०० ढकलायला लागतात. वरचे १०० एमबीपीएस स्विच गुपचूप टाकून देतं, आणि पकडणाऱ्या मशीनला आपण काय गमावलं हे कळत नाही.

सॅम्पलिंगचे आकडेही फसतात. ॲक्सेस आणि कोअर दोन्ही स्विचवर ते सुरू केलं तर तेच ट्रॅफिक दोनदा मोजलं जातं. कलेक्टरने हजाराने गुणलंच नाही, तर सगळेच वापरकर्ते साधू दिसतात. म्हणून अपलिंकवरून आत येणाऱ्या नमुन्यांची बेरीज स्विचच्या ifHCInOctets या काउंटरने त्याच वेळेत मोजलेल्या बाइटशी ताडून बघा. दुप्पट आली किंवा हजारपट कमी आली, तर चोर शोधण्याआधी सेटिंग दुरुस्त करा. एसफ्लोऐवजी नेटफ्लो वापरत असाल तर त्याची खोड वेगळी: चालू जोडणीची नोंद किती वेळाने पाठवायची हे ॲक्टिव्ह टाइमआउट ठरवतो, आणि सिस्कोच्या जुन्या आयओएसमध्ये तो मुळात ३० मिनिटं असतो, त्यामुळे लांबलचक डाउनलोड अर्ध्या तासाने एकदम उसळी मारल्यासारखं दिसतं. तो एका मिनिटावर आणा.

मिररची खरी गरज पडते ती पॅकेटच्या पोटात काय आहे हे बघायचं असेल तेव्हा, किंवा चार-पाच पॅकेटचं एखादं स्कॅन पकडायचं असेल तेव्हा. तेवढं नमुन्यात येईलच असं नाही.