पाच स्टार मिळाले, पण व्यायाम किती झाला?

जून लागला आणि मैदानात चिखल झाला की मला पालकांकडून एकच प्रश्न येतो. मी शाळेत पी.टी. शिकवते, म्हणून मलाच विचारतात: "बाई, मुलं टीव्हीसमोर जस्ट डान्स हा नाचाचा व्हिडिओ गेम खेळतात, ते व्यायामात धरायचं का?" माझं उत्तर "हो" असं आहे, पण स्क्रीनवरच्या स्टारवरून ते ठरवू नका.

याचं कारण गेम आपल्याला कसा बघतो यात आहे. २०१० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या गेमच्या उपकरणात कॅमेरा होता, तो अख्खं शरीर बघायचा. पण एका माणसासाठी साधारण सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट अंतर सोडावं लागायचं. मुंबईतल्या हॉलमध्ये सोफा, टीपॉय आणि शोकेस सोडून आठ फूट कुठून आणणार? जस्ट डान्सला मात्र अंतराची अडचण नाही. उजव्या हातात कंट्रोलर किंवा मोबाइल धरायचा आणि त्याच्या आतला सेन्सर हाताच्या हालचालीचा वेग आणि दिशा मोजतो. छोट्या घराला हे सोयीचं, पण पाय काय करतात हे त्याला कळतच नाही. सोफ्यावर बसून मनगट बरोबर तालात फिरवणाऱ्या मुलालाही चांगले गुण मिळतात. मुलं हे पटकन शिकतात. घाम गाळून नाचणारी आई मागे पडते आणि बसलेला लेक जिंकतो. स्क्रीनवरच्या कॅलरीही हाताच्या हालचालीवरून काढलेला अंदाजच असतात.

म्हणून मी घरच्यांना श्वासाची परीक्षा करायला सांगते. नाचताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम चालू आहे. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागला तर जोरदार व्यायाम. आणि गाण्याचे बोल आरामात म्हणता येत असतील, तर तो हलकाच खेळ. नाचाच्या गेमला ही परीक्षा फारच सोयीची, कारण गाणं समोरच चालू असतं.

माझी चुलत बहीण कांजूरला राहते, वय ४०. तिने हे नाडीवरही तपासलं. २२० मधून वय वजा केलं की नाडीचा अंदाजे कमाल वेग मिळतो, तिचा १८०. मध्यम व्यायामात नाडी त्याच्या साधारण ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला ११५ ते १३७ असावी. गाणं संपताच १५ सेकंद मनगटावर ठोके मोजायचे. २९ ते ३४ आले तर मध्यम. हळू गाण्यानंतर तिचे २४ आले, उड्या-गुडघ्यांच्या गाण्यानंतर ३२. दोन्ही वेळा स्टार जवळपास सारखेच होते.

तिच्या घरची खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. माणसं चार, कंट्रोलर दोन. गाणं साडेतीन मिनिटांचं, आणि गुण बघणं, पुढचं गाणं निवडणं, त्यावरून भांडणं यात दीड मिनिट. तासात बारा गाणी होतात, प्रत्येकाच्या वाट्याला सहा. म्हणजे एक तास "खेळलो" असं वाटतं आणि प्रत्यक्ष नाच होतो २१ मिनिटं. मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात ही एक तृतीयांश. उपाय साधा होता. मोबाइल कंट्रोलर म्हणून जोडले की चौघं एकदम नाचू शकतात, आणि गाण्यांची यादी आधीच लावून ठेवली की मधला वेळ वाचतो.

नुसता गेम आणून दिला की मुलं आपोआप हलायला लागतील, ही अपेक्षा मला खरंच काळजीची वाटते. ह्यूस्टनमधल्या संशोधकांनी मुलांना घरी असे गेम दिले आणि कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावलं. २०१२ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की साधे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं जास्त हलली नाहीत. मोठ्या माणसाने सोबत नाचणं, वेळ ठरवणं हे मला म्हणूनच गेमच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

खालच्या मजल्याचाही विचार हवाच. उडीच्या जागी गुडघे कंबरेपर्यंत उचलत जागेवर मार्च करा, किंवा अर्धी बैठक मारा. सेन्सर हातात असल्याने गुण जात नाहीत आणि मांड्यांना काम जास्तच पडतं. निन्टेन्डोच्या रिंग फिट या व्यायामाच्या गेममध्ये तर धावण्याऐवजी गुडघे वाकवण्याचा आवाज न करणारा पर्याय दिलेलाच आहे. तिथे हातातली रिंग दाबावी-ओढावी लागते, म्हणून दंड आणि छातीलाही थोडा ताण मिळतो. नाचाच्या गेममध्ये तो मिळत नाही, तो वेगळा करावा लागतो.

लादीवर मोजे घालून मात्र कुणालाही नाचू देऊ नका, पाय सटकतो. बूट घाला किंवा अनवाणी नाचा, आणि टीपॉय आधी बाजूला सरकवा. गुडघे दुखणाऱ्या आजीला खुर्चीत बसून हात आणि टाचा हलवू द्या; तिचे गुण नातवाइतकेच येतील, आणि तिच्यासाठी तेवढी हालचाल पुरेशी कामाची आहे.