वहिनींना पाठवलेला प्रश्न आणि न उमटलेलं प्रश्नचिन्ह

गेल्या मंगळवारी रात्री मी लोकलमध्ये उभ्या उभ्या वहिनींना मेसेज केला. एका हाताने वरचा दांडा धरलेला, त्यामुळे नेहमीप्रमाणे कीबोर्डवरचा माइक दाबून बोलले, "बाबांनी रात्रीची गोळी घेतली?" आवाज शेवटी वर चढवला, जसा आपण विचारताना चढवतो. मेसेज गेला तो असा: "बाबांनी रात्रीची गोळी घेतली". वहिनींना माहीत होतं की संध्याकाळी माझं बाबांशी फोनवर बोलणं झालंय. त्यांना वाटलं, बाबांनीच मला सांगितलं असणार. त्यांनी "बरं" असं उत्तर दिलं. ते "बरं" वाचून मला वाटलं, बघतील आणि देतील. बुधवारी सकाळी बाबांचं डोकं जड झालं तेव्हा डबी उघडली, तर मंगळवारच्या कप्प्यात रक्तदाबाची गोळी तशीच होती.

बाबा आता ठीक आहेत. पण त्या दिवसापासून मी बोलून टायपिंग करण्याकडे फार बारकाईने बघते आहे. घरातले बरेच जण आता असेच मेसेज करतात, म्हणून हे सविस्तर लिहिते. मी अँड्रॉइड फोनवर Gboard वापरते. त्यात मराठी बोलून लिहिण्याची सोय 2017 पासून आहे.

मुळात अडचण आपल्या भाषेच्या एका लकबीत आहे. "डॉक्टर आले." आणि "डॉक्टर आले?" यांत शब्द तेच, क्रमही तोच, फरक फक्त सुराचा. समोरासमोर तो सूर पुरतो. कीबोर्ड मात्र शब्द टिपतो, आणि चढलेला सूर प्रश्नचिन्ह होऊन उमटेलच याची खात्री नाही. म्हणून माझं पहिलं, अगदी ठाम मत: बोलून लिहिताना प्रश्न विचारायचा असेल तर "का" म्हणायचंच. "बाबांनी गोळी घेतली का" हे वाक्य चिन्ह गळलं तरी प्रश्नच राहतं. चिन्ह हवंच, पण अर्थ त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडायचा नाही.

आता चिन्हांकडे येते. इंग्रजीत बोलताना 'कॉमा', 'क्वेश्चन मार्क', 'न्यू लाइन' म्हटलं की चिन्ह येतं. ही सोय सगळ्या भाषांत सारखी नाही. मराठीत "स्वल्पविराम", "पूर्णविराम", "प्रश्नचिन्ह", "उद्गारचिन्ह", "नवीन ओळ" असं म्हटल्यावर एखाद्या फोनवर चिन्ह उमटतं, तर दुसऱ्यावर तोच शब्द अक्षरांत लिहिला जातो. त्यामुळे दुसऱ्याच्या फोनवर काय होतं हे विचारण्यापेक्षा स्वतःच्या फोनवर एकदा तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करता येतो, तिथे एक साधं वाक्य बोला, किंचित थांबा आणि मग "प्रश्नचिन्ह" म्हणा. पाचही शब्दांचं असं करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. थांबायचं ते अगदी थोडं, कारण जास्त वेळ गप्प राहिलं की माइक आपोआप बंद होतो.

चिन्हाऐवजी शब्दच उमटत असेल तर तो हट्ट सोडून द्या. नाहीतर "घेतली का प्रश्नचिन्ह" असा मेसेज जातो. त्यापेक्षा वाक्य बोलून झालं की कीबोर्डवरची टिंबाची कळ दाबून धरा. वर एक पट्टी उघडते, त्यात ? ! आणि स्वल्पविराम असतात, बोट सरकवून हवं ते निवडायचं. तेही जमत नसेल, उदाहरणार्थ आईसारख्या वयस्कर माणसाला, तर एक प्रश्न म्हणजे एक मेसेज असं करावं. मेसेज संपला की वाक्य संपलं, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

प्रश्नचिन्हाइतकाच स्वल्पविरामही दगा देतो, विशेषतः "नाही"च्या शेजारी. वहिनींनी त्याच आठवड्यात विचारलं होतं की उपास असला तर गोळी द्यायची नाही का? डॉक्टरांना विचारून मला कळवायचं होतं, "नाही, दिली तर चालेल." स्वल्पविराम गळला तर ते होतं "नाही दिली तर चालेल", म्हणजे नेमकं उलटं. या वेळी पाठवण्याआधी वाचलं म्हणून वाचले. मग पुसून बोलले, "उपासाच्या दिवशीही गोळी द्या". औषध, पैसे, गाडीची वेळ अशा गोष्टींत ज्या वाक्याचा अर्थ एका स्वल्पविरामावर टांगलेला आहे ते वाक्य बोलूच नये, दुसरं बोलावं.

चुका दुरुस्त करण्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. चुकलेला एकच शब्द निवडून तो एकटाच पुन्हा बोललं की बऱ्याचदा पुन्हा चुकीचाच येतो. आपण तो अधिक जोरात, तोडून तोडून म्हणतो आणि आणखी बिघडतं. कारण कीबोर्ड नुसता आवाज ऐकत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाजही बांधतो. एकट्या शब्दाला आजूबाजूच नसते. म्हणून चुकलेल्या शब्दाच्या मागचेपुढचे दोन-तीन शब्दही निवडायचे, माइक दाबायचा आणि तेवढा तुकडा नेहमीच्या वेगाने बोलायचा. निवडलेल्या जागी नवा मजकूर बसतो. माझ्याकडे "त्यांना द्या"चं "त्याला द्या" झालं होतं. बाबांचा उल्लेख "त्याला" असा जाणं मला सहन होईना. "जेवणानंतर त्यांना द्या" एवढं सगळं पुन्हा बोलले तेव्हा नीट आलं.

अनुस्वार तर नजरेतून सुटतातच. "औषधं दिली"चं "औषध दिली" झालं तर भागतं, पण "मुलांना"चं "मुलाना" झालेलं मला तरी बघवत नाही. शब्दयोगी अव्ययंही सुटी पडतात, "घरासमोर"चं "घरा समोर" होतं. तिथे मधली मोकळी जागा पुसायची, पुन्हा बोलत बसायचं नाही.

सगळंच चुकतंय, "ळ"च्या जागी "ल" येतोय, वाक्याच्या शेवटी उभा दंड पडतोय असं दिसलं तर उच्चाराला दोष देऊ नका. आधी स्पेसबारवर कोणत्या भाषेचं नाव आहे ते बघा. बहुतेकदा तिथे हिंदी असते. पृथ्वीगोलाचं चित्र असलेल्या कळीने मराठीवर या. तरी फरक पडला नाही तर Gboard च्या सेटिंगमध्ये `Voice typing` आणि त्यात `Languages` उघडून मराठी निवडलेली आहे ना ते पाहा. आणि वयस्कर मंडळींना हे नक्की दाखवा की कीबोर्डच्या वरच्या पट्टीतला माइक लिहितो, व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचा गोल माइक आवाज रेकॉर्ड करतो. आमच्या आईची अर्धी तक्रार या दोन माइकांमुळे होती.

चुकीचा मेसेज गेलाच, तर व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटांच्या आत तो दाबून धरून सुधारता येतो. पण समोरच्याने तो आधीच वाचलेला असू शकतो. म्हणून औषधाच्या बाबतीत मी सुधारणा करून थांबत नाही, फोन करते.

काल रात्री त्याच लोकलमधून मी बोलले, "वहिनी बाबांनी रात्रीची गोळी घेतली का नसेल तर जेवणानंतर त्यांना द्या". मग टिंबाची कळ दाबून "का"पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, "वहिनी"नंतर स्वल्पविराम टाकला आणि पूर्ण वाचून पाठवलं. उत्तरात त्यांनी बुधवारच्या रिकाम्या कप्प्याचा फोटो पाठवला.