दाबल्यावर नाही हो, सोडल्यावर!

एक साधं वाक्य आहे. 'चावताना नाही दुखत, चावलेलं सोडताना दुखतं.' यात अवघड असं काय आहे? मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, एका ठिकाणी इंग्रजीतसुद्धा सांगून पाहिलं. समोरच्या दाताच्या डॉक्टरने दर वेळी मान डोलावली आणि केसपेपरवर लिहिलं, 'चावताना दुखते.' अरे, मी बोललो काय आणि तू लिहिलंस काय?

दुखणं असं आहे. डाव्या बाजूला शेंगदाणा आला. दाबला, फुटला, काही नाही. आणि आता दात वेगळे होणार, त्या क्षणी खालच्या जबड्यातून अशी सणक जाते की हातातला घास ताटात पडतो. डोळ्यांत पाणी. पुढच्या सेकंदाला सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं. मग त्याच बाजूने आठ-दहा घास बिनबोभाट जातात आणि मिसळीतल्या फरसाणाचा एक कडक तुकडा नेमका तिथे सापडला की पुन्हा तेच. वडापावला काही होत नाही. भाकरीला क्वचित. बारीक आणि टणक काही आलं की संपलं. कॅन्टीनमध्ये लोकांना वाटतं हा नाटक करतोय. 'किडला असेल, लवंग धर.' लवंगेच्या तेलाचा जो काही उपयोग होतो तो किडून पडलेल्या भोकाशी ते पोचलं तर. माझ्या दाताला भोकच नव्हतं, तर लवंग धरू कुठे? पण एका टेबलावर पाच मराठी माणसं जेवायला बसली की त्यातली चार दंतवैद्य असतात, त्याला काय करणार.

ते जाऊ दे, त्यांनी शिक्षण घेतलेलं नाही. ज्यांनी घेतलंय त्यांचं ऐका.

स्टेशनजवळचा एक चकचकीत दवाखाना. भिंतीवरच्या टीव्हीत पांढरेशुभ्र दात हसत होते. आतल्या पोरसवदा डॉक्टरने मला 'काका' म्हटलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं, पण दुखत होतं म्हणून गप्प बसलो. त्याने आरशाच्या दांडीने एकेक दात वरून ठोकला. 'दुखतंय?' नाही. थंड हवा मारली, एका ठिकाणी जरा झिणझिणलं. एक्स-रे काढला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, 'काका, एक्स-रे एकदम क्लिअर आहे. सेन्सिटिव्हिटी आहे. ही पेस्ट वापरा.' मी म्हटलं, अहो, सोडताना दुखतं. तो म्हणाला, 'हो हो, चावताना होतं असं.'

आता या एक्स-रेबद्दल बोलूच, कारण सगळा घोळ तिथेच आहे. माझ्या दाढेला तडा गेला होता, हे मला फार नंतर कळलं. एक्स-रे म्हणजे सावली. दाढेला जाणारा तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो, म्हणजे जबड्याच्या रेषेत. आणि एक्स-रेचा किरण येतो गालाकडून जिभेकडे. म्हणजे तडा किरणाला आडवा आणि फिल्मला समांतर. तड्याच्या अलीकडे अख्खा दात, पलीकडेही अख्खा दात, शिवाय तडा केसाहून बारीक. त्याची सावली पडणार कशी? तेव्हा 'एक्स-रे क्लिअर आहे' याचा अर्थ इतकाच की मोठी कीड किंवा मुळाशी पू झाल्याची खूण दिसत नाही. तडा नाही असा अर्थ होत नाही. हे दाताच्या डॉक्टरला मी सांगायचं?

दात वरून ठोकून काही कळत नाही, त्यालाही कारण आहे. ठोकल्यावर दुखायला दात ज्या तंतूंनी हाडात धरलेला असतो ते सुजावे लागतात. सुरुवातीला तडा दाताच्या आत असतो, ते तंतू ठणठणीत असतात. आणि नेमका कुठला दात दुखतोय हे मेंदूला सांगायचं काम मुख्यतः त्याच तंतूंचं. आतल्या नसेला पत्ता नीट सांगता येत नाही. ती नुसती ओरडते. म्हणून माणूस गालावर हात फिरवत म्हणतो, 'इथे कुठेतरी... खाली... की वर?'

याचा फायदा पुढच्या दवाखान्याने घ्यायला बघितला. तिथे वरच्या दाढेत एक जुनी भरणी दिसली आणि रूट कॅनलचा आकडा लगेच कागदावर आला. कॅपसकट पॅकेज, हप्त्यांचीही सोय. मी विचारलं, हाच दात कशावरून? 'याच बाजूला दुखतंय ना?' म्हणजे अंदाजाने दादरच्या गाडीत बसायचं आणि ठाण्याला उतरायचं! खुर्चीतून उठलो. माझ्यासारख्या तक्रारीत चांगला दात उगाच कोरला जातो आणि कळ तशीच राहते, तो असा.

बरं, हा काही नवा शोध नाही. कॅमेरॉन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९६४ सालीच या प्रकाराला 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' असं नाव दिलंय. आणि चावा सोडताना येणारी कळ ही त्याची ओळखीची खूण मानतात. मी ती खूण जाईन तिथे तोंडाने सांगत होतो!

सोडतानाच का, तेही समजायला सोपं आहे. तडा गेलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर कधी बसलायत? बसताना काही होत नाही, वजनाने फट उघडते. उठताना फट मिटते आणि मांडीला असा चिमटा बसतो की बोंब मारावी. दाढेत तेच. दाबल्यावर तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात. दाब सुटला की त्या झटक्यात जवळ येतात. दाताच्या वरच्या टणक कवचाखाली डेंटिन असतं, त्यात असंख्य बारीक नळ्या आणि नळ्यांत द्रव. बाजू मिटताना तो द्रव एकदम हलतो आणि आतल्या नसेला झटका बसतो. द्रव थांबला, कळ थांबली. म्हणून ती विजेसारखी येते आणि जाते. किडलेल्या दाताचं ठणकणं असं नसतं.

शेवटी ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांच्या ओळखीच्या रूट कॅनल स्पेशालिस्टकडे पाठवलं. गल्लीतला जुना दवाखाना, टीव्ही नाही, पंखा कुरकुरतोय. डॉक्टरीणबाईंनी माझं वाक्य पूर्ण ऐकलं आणि विचारलं, 'सोडताना? नक्की?' मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांनी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची छोटी पाचर काढली. तिला टूथ स्लूथ म्हणतात. तिच्या टोकाला खळगा असतो, तो दाढेच्या एकाच उंचवट्यावर बसवतात. दाढेवर असे चार-पाच उंचवटे असतात. नेहमीसारखा कापूस चावायला दिला तर दाब सगळ्या दातावर पसरतो. इथे एका वेळी एकाच कोपऱ्यावर. 'दाबा. धरून ठेवा. आता पटकन सोडा.' वरच्या दाढा झाल्या, काही नाही. खालची शेवटून दुसरी. पुढचा कोपरा, काही नाही. मागचा, जिभेकडचा कोपरा. दाबलं, धरलं, सोडलं आणि मी खुर्चीतून उडालो. बाई खूश, मी पण खूश. वेड्यासारखे दोघं हसत होतो.

ही सगळी तपासणी काही मिनिटांची. प्लॅस्टिकचा एक तुकडा. लाखालाखाची यंत्रं मांडून बसलेल्यांकडे तो नव्हता, की वापरायचा कंटाळा होता, देव जाणे.

त्या दाढेत शाळेत असताना भरलेली मोठी चांदी होती. मधला भाग चांदीने खाल्लेला आणि कडेला पातळ भिंती. अशा भिंतींवर रोज चावत राहिलं की कधीतरी तडकायचंच. त्यात सुपारी, बर्फ, रात्री झोपेत दात खाणं, काहीही भर घालतं. बाईंनी चांदी काढली आणि आत निळा रंग लावून पुसला. तड्यात शिरलेला रंग तसाच राहिला. बाजूने बारीक दिवा धरला तर उजेड त्या निळ्या रेघेपाशी येऊन अडला, पलीकडचा भाग काळोखात. आरशात मला दाखवलं. इतके दिवस ज्याला 'सेन्सिटिव्हिटी' म्हणत होते ती ही रेघ.

मग त्यांनी दाढेभोवती हिरडीत मोजपट्टीची सळई फिरवली. मला हे नवीन होतं. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर लागलं तर ठीक. पण एकाच जागी सळई एकदम खोल गेली तर तडा मुळापर्यंत उतरला असण्याची शक्यता, आणि मग दात वाचवणं अवघड. दोन्ही भाग वेगवेगळे हलायला लागले तर बहुतेक काढावाच लागतो. माझी सळई कुठेच खोल गेली नाही. गरम खाल्ल्यावर दुखणं रेंगाळत नव्हतं, रात्री ठणकत नव्हतं, म्हणून रूट कॅनलही लगेच केलं नाही. दाढेभोवती ब्रेसेसवाले बसवतात तशी स्टीलची पट्टी घट्ट बसवली. तड्याच्या बाजू फाकू शकल्या नाहीत तर कळ येणार नाही, हा साधा हिशेब. पट्टी बसवल्यावर शेंगदाणा खाऊन बघितला. दाबला, सोडला, काही नाही.

आता काही आठवडे असंच बघायचं. कळ आली नाही तर सगळे उंचवटे झाकणारी कॅप. नस बिघडली तर आधी रूट कॅनल, मग कॅप. तडा सांधला जात नाही, हाड जुळतं तसा दात जुळत नाही. कॅप फक्त त्याला फाकू देत नाही, आणि तरीही पुढे कधी तो खाली सरकणार नाही याची खात्री बाईंनी दिली नाही. खोटी खात्री देणाऱ्यांपेक्षा हे बरं.

हेच निदान पहिल्याच दवाखान्यात झालं असतं तर मधले सगळे दिवस मी त्याच तड्यावर चावत बसलो नसतो. चावलं की फट उघडते आणि उघडता उघडता लांबते. तो पेस्ट देणारा पोरगा म्हणाला होता, 'काका, दोन्ही बाजूंनी चावत जा, नाहीतर दुसऱ्या बाजूवर लोड येतो.' आणि काल त्याच दवाखान्यातून फोन आला, पेस्टचा फरक पडला का आणि दात पांढरे करायची ऑफर घेणार का म्हणून. मी त्या मुलीला म्हटलं, डॉक्टरांना माझा केसपेपर काढायला सांग, 'चावताना' खोडून 'सोडताना' लिहायला सांग, मग बोलू. ती म्हणाली, 'सर, म्हणजे चावताना दुखतंय का?'