11 मिनिटांची व्हॉइस नोट आणि 3 मिनिटांची स्क्रिप्ट

«गुडघेदुखीवर 11 मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली होती. आली 3 मिनिटांची स्क्रिप्ट, तीही माझ्याच वाक्यांची. ‘अहो’, ‘बघा’ तसंच ठेवलंय. सुरुवात तर नोटच्या शेवटातून उचललीये. शुद्ध मराठीत लिहून हवं होतं. दोन स्टार.» – फिजिओथेरपिस्ट, पुणे

नमस्कार मॅडम,

व्हिडिओच्या स्क्रिप्टमध्ये तुमची वाक्यं आम्ही मुद्दाम राखली आहेत. नोटमध्ये तुम्ही म्हणालात, “तर म्हणजे काय होतं, पेशंट येतात, ॲक्च्युअली बरेच जण, आणि म्हणतात गुडघा गेला. अहो, गेला कुठे? म्हणजे बऱ्याचदा काय, मांडीचा पुढचा स्नायू, तो कमजोर झालेला असतो.” स्क्रिप्टमध्ये ते असं आलं: “बरेच जण येतात आणि म्हणतात, गुडघा गेला. अहो, गेला कुठे? बऱ्याचदा मांडीचा पुढचा स्नायू कमजोर झालेला असतो.”

इथे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गेले, कारण ते पुढचं वाक्य सुचेपर्यंतचे टेकू होते. ‘अहो’ राहिला, कारण तिथे तुम्ही थेट पेशंटशी बोलता आणि आवाज चढतो. ‘बऱ्याचदा’सुद्धा टेकूच वाटतो, पण तो काढला तर प्रत्येक गुडघेदुखीचं कारण मांडीच, असा दावा तुमच्या तोंडी गेला असता. म्हणून नोट आधी कागद न घेता ऐकायची आणि मग शब्दन् शब्द उतरवायची. नुसत्या कागदावर हे चारही शब्द सारखेच दिसतात.

हेच “स्नायूंच्या कमकुवतपणामुळे अनेक रुग्णांना वेदना जाणवतात” असं लिहिता आलं असतं. शुद्ध आहे, पण कॅमेऱ्यासमोर ‘कमकुवतपणामुळे’वर जीभ अडते आणि नजर प्रॉम्प्टरला चिकटते. म्हणून ‘केले’ नाही, ‘केलं’. आणि एका श्वासात संपेल एवढंच वाक्य.

सुरुवातीबद्दल. निवांत बोललं तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात, म्हणजे 3 मिनिटांत जेमतेम 350. तुमच्या नोटची पहिली 3 मिनिटं गुडघ्याच्या रचनेवर होती. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त का दुखतं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. दुसऱ्यांदा, नवव्या मिनिटाला, ते निम्म्या शब्दांत आणि जास्त स्पष्ट आलं. माणूस दुसऱ्यांदा सांगतो तेव्हा बहुधा असंच होतं, म्हणून तेच वर घेतलं. रचनेतलं त्यासाठी लागणारं एकच वाक्य ठेवलं. उरलेल्या भागाचा वेगळा व्हिडिओ होईल. तो मजकूर आमच्याकडे जपून ठेवलाय.

आता एवढं करा: स्क्रिप्ट फोनवर एकदा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा, मध्ये न थांबता, न सुधारता. जिथे अडखळाल किंवा नकळत दुसरा शब्द वापराल, तिथे स्क्रिप्ट बदलायची, तुम्ही नाही. ते रेकॉर्डिंग पाठवा, त्यावरून दुरुस्त प्रत देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.